पोस्ट दाताला बळ देत नाही

दातांच्या दवाखान्यात वारंवार ऐकू येणारी एक तक्रार अशी असते: रूट कॅनाल झालं, दाताच्या आत पोस्ट बसवला, वर चांगली महागाची कॅप घातली, आणि पाच-सहा वर्षांनी भाकरीचा तुकडा तोडताना तो दात कॅपसकट हातात आला. कधी कॅप आणि पोस्ट दोन्ही सुटून येतात आणि मूळ शाबूत राहतं. तेव्हा अजून काही करता येतं. कधी मूळच उभं चिरलेलं निघतं आणि दात काढण्यावाचून इलाज उरत नाही. पेशंटचा पहिला संशय रूट कॅनालवर जातो, दुसरा कॅपच्या दर्जावर. पण एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी सगळं ठीक दिसतं आणि कॅपला तडाही गेलेला नसतो. अशा वेळी दोष बहुधा या दोहोंच्या मध्ये, हिरडीच्या कडेला, जेमतेम दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात असतो.

नस काढलेला दात आतून वाळतो, म्हणून ठिसूळ होतो आणि म्हणून तुटतो, अशी समजूत फार जुनी आहे. डॉक्टरही पूर्वी तसंच सांगत. प्रयोगशाळेत मात्र नस काढलेल्या दाताचं डेंटिन आणि जिवंत दाताचं डेंटिन यांच्या ताकदीत म्हणावा असा फरक सापडत नाही. दात कमजोर होतो तो त्यातला भाग गेल्यामुळे. १९८९ साली रीह, मेसर आणि डग्लस या संशोधकांनी उपदाढांवर एक मोजणी केली. नुसतं रूट कॅनालसाठी वरून भोक पाडलं तर दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी घटला. पण दोन्ही बाजूंच्या कडा कापून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोकळी कोरली तेव्हा तो सुमारे ६३ टक्क्यांनी घटला. म्हणजे खरं नुकसान कीड करते, जुनी मोठमोठी फिलिंगं करतात, मार लागून उडालेला तुकडा करतो. रूट कॅनालचा वाटा त्यात लहान आहे.

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. जिवंत दातावर जास्त जोर आला तर आपण आपोआप जबडा सैल सोडतो. रँडो आणि ग्लांट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवलं की नस काढलेल्या दातावर दुखेपर्यंत जोर देत गेलं, तर जिवंत दाताच्या साधारण दुप्पट जोर चालून जातो. खड्याचा दाणा दाताखाली आला की जिवंत दात ओरडतो. नस काढलेला दात उशिरा ओरडतो.

आता पोस्टकडे वळू. दाताचा वरचा दिसणारा भाग बऱ्यापैकी शिल्लक असेल तर कॅप त्याच भागावर बसते आणि पोस्टची गरजच नसते. वरचा भाग जवळजवळ गेला असेल तर कॅपला धरायला काहीतरी हवं. म्हणून आधी एक गाभा बांधतात, त्याला कोअर म्हणतात. हा कोअर मुळाच्या वर टिकून राहावा यासाठी त्याला आत एक दांडी लागते, ती म्हणजे पोस्ट. मुळातल्या पोकळीत रूट कॅनालच्या वेळी गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरलेला असतो. त्याचा वरचा भाग तापवलेल्या अवजाराने किंवा मंद गतीच्या ड्रिलने काढतात आणि तळाशी निदान चार-पाच मिलिमीटर ठेवतात. तेवढं बूच राहिलं नाही तर जंतू मुळाच्या टोकापर्यंत पोचतात आणि चांगल्या झालेल्या रूट कॅनालवर पाणी पडतं. मोकळ्या झालेल्या पोकळीत पोस्ट चिकटवतात. तो दोन तऱ्हांनी मिळतो. एक म्हणजे पोकळीचा साचा घेऊन लॅबमध्ये धातूत ओतलेला, कोअरसकट एकसंध. दुसरा म्हणजे काचतंतूंचा तयार फायबर पोस्ट. तो रेझिन सिमेंटने चिकटवून त्याभोवती कॉम्पोझिटचा कोअर बांधतात.

पोस्टचं काम इथे संपतं. तो कोअरला धरून ठेवतो, बस. ‘आत लोखंडी दांडी घातली, आता दात मजबूत झाला’ हे ऐकायला पटतं, कारण सिमेंटच्या खांबात सळ्या घालतात हे आपण पाहिलेलं असतं. पण खांबात सळ्यांभोवती काँक्रीट ओतलं जातं. दातात मात्र दांडीला जागा करण्यासाठी आधीच थोडी उरलेली भिंत आणखी तासली जाऊ शकते. १९८४ साली सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी रूट कॅनाल झालेल्या १,२७३ दातांच्या नोंदी तपासल्या. पोस्ट घातल्याने दात जास्त टिकले असं त्यांना दिसलं नाही. दाढा आणि उपदाढांना मात्र वरून कॅप घातल्याचा फायदा स्पष्ट होता. दाढेत तर पोस्ट सहसा लागतही नाही, कारण आतली मोठी पोकळी हीच कोअरला धरून ठेवते. तरीही सवयीने किंवा ‘असू दे, घट्ट बसेल’ म्हणून पोस्ट घालणारे आहेत, आणि माझ्या मते ही सवय निष्पाप नाही.

मुळात दांडी ठोकून वर दात बसवण्याची कल्पना दंतवैद्यकाइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये पियेर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात ती सांगितली आहे. पुढे लाकडी दांड्याही वापरल्या गेल्या. त्या लाळेने फुगत आणि मूळ फोडत. दांडीचं द्रव्य बदललं, पण आतून पाचरीसारखा जोर आला की मूळ उभं फाटतं ही गोष्ट तीच राहिली.

मग बळ कुठून येतं? खुरपं डोळ्यांपुढे आणा. पात्याची टोकदार दांडी लाकडी मुठीत घुसवलेली असते, आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं बसवलेलं असतं. कडं नसेल तर खुरपं दगडावर अडकल्याबरोबर दांडी मुठीत वाकडी जोर करते आणि मूठ चिरते. कडं असेल तर तोच जोर लाकडाला बाहेर ढकलू पाहतो, पण कडं त्याला आवळून धरतं. अवजारावरच्या अशा कड्याला इंग्रजीत जे नाव आहे तेच दंतवैद्यांनी उचललं: फेरूल. इथे कडं म्हणजे कॅपची खालची किनार. आणि ती ज्याला आवळते तो भाग खऱ्या दाताचा हवा.

हे शेवटचं वाक्य कळीचं आहे. कॅपची किनार कुठे टेकते, यापेक्षा किनारीच्या वर किती उंचीपर्यंत कॅप मूळच्या दाताला मिठी मारते हे महत्त्वाचं. किनारीपासून लगेच कोअर सुरू होत असेल, तर कॅपने आवळलं ते माणसाने बांधलेल्या गाभ्याला. तो गाभा मुळावर नुसता उभा आहे. दाताला आवळणारं तिथे काहीच नाही. सोरेन्सन आणि एंगलमन यांनी १९९० मध्ये दाताच्या किनारीच्या वर फक्त एक मिलिमीटर उंचीचं डेंटिन ठेवून चाचण्या केल्या, तेव्हा दात तुटण्यासाठी लागणारा जोर जवळजवळ दुप्पट झाला. प्रत्यक्ष उपचारात दीड ते दोन मिलिमीटर उंची आणि निदान एक मिलिमीटर जाडी हवी, असं आज सर्वसाधारणपणे मानतात. उंचीबद्दल सगळे बोलतात. जाडी मात्र विसरली जाते, आणि एखादं उदाहरण आकड्यांत मांडलं की ती का विसरू नये ते कळतं.

समजा, पस्तिशीतला एक माणूस गाडीवरून पडला आणि त्याचा वरच्या जबड्यातला, मधल्या दोन दातांशेजारचा दात तुटला. हा दात लहान असतो. मूळ साधारण १३ मिलिमीटर, दिसणारा भाग ९ मिलिमीटर, आणि हिरडीपाशी जाडी साधारण ५ मिलिमीटर. समोरचे दात मार लागून तुटतात ते बहुतेक तिरके: ओठाच्या बाजूला वर, टाळूच्या बाजूला खाली. या दाताचंही तसंच झालंय. ओठाच्या बाजूला हिरडीवर दोन मिलिमीटर दात शिल्लक आहे, टाळूच्या बाजूला तो हिरडीच्या पातळीला येऊन संपलाय. रूट कॅनाल नीट झालेलं आहे.

पोस्टची लांबी आधी पाहू. मूळ १३ मिलिमीटर; तळाशी साडेचार मिलिमीटर गटापर्चा ठेवला तर पोस्टला साडेआठ मिळतात. पोस्ट निदान कॅपच्या उंचीइतका लांब असावा असा जुना आडाखा आहे, त्याच्या आपण जवळ पोचलो. आता जाडी. कॅपला जागा करण्यासाठी दात बाहेरून सगळीकडून ०.८ मिलिमीटर घासला तर ५ मधून दोन्ही बाजूंचे मिळून १.६ गेले, उरले ३.४. मधोमध पोस्टसाठी १.४ मिलिमीटरचं भोक असेल तर उरले २, म्हणजे प्रत्येक बाजूला बरोबर एक मिलिमीटर भिंत. हे काठावर पास झालं. त्याऐवजी ‘जाड पोस्ट जास्त घट्ट’ म्हणून भोक दोन मिलिमीटरचं केलं, तर भिंत ०.७ वर येते. पोस्टची पकड जाडीपेक्षा लांबीवर आणि चिकटण्यावर जास्त अवलंबून असते, तेव्हा ०.६ मिलिमीटर जाडी वाढवून फारसं काही मिळालं नाही, उलट फेरूलची भिंत पातळ झाली. पोस्टची जाडी मुळाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावी, हा नियम याच हिशेबातून येतो.

तरीही या माणसाची खरी अडचण जाडीची नाही. खालचे दात वरच्या समोरच्या दातांवर आदळतात ते टाळूच्या बाजूने, आणि त्यांना ओठाकडे ढकलतात. कॅप बाहेरच्या बाजूला कलू पाहते, तेव्हा ओठाकडची किनार दाबली जाते आणि टाळूकडची किनार उचकटली जाते. पकड हवी ती टाळूच्या बाजूला, आणि नेमकी तिथेच दाताची भिंत नाही. ओठाकडचे दोन मिलिमीटर पाहून ‘फेरूल आहे’ म्हणणं म्हणूनच फसवं आहे. सगळीकडून मिळणारं फेरूल सर्वांत चांगलं. ते मिळत नसेल तर अर्धवटही नसल्यापेक्षा बरं. पण अर्धवट असेल तर ते कुठल्या बाजूला आहे, हे विचारायलाच हवं.

इथे पोस्ट आणि कॅप तशीच बसवली तर काय होतं? लगेच काहीच नाही, आणि यातच गोम आहे. रोज हजारो वेळा टाळूकडची किनार कणभर उचकटते. तिथलं सिमेंट आधी सुटतं. कॅप पडत नाही, हलतही नाही, कारण आतला पोस्ट तिला धरून असतो. पेशंटला काही कळत नाही, डॉक्टरच्या सळईलाही बहुधा लागत नाही. त्या बारीक फटीतून लाळ आणि जंतू आत शिरतात. नस नसल्यामुळे कीड लागली तरी ठणका लागत नाही. कधीतरी त्या दाताजवळ खराब चव येते, किंवा चावताना कॅप किंचित दबल्यासारखी वाटते. याकडे लक्ष गेलं तर नशीब. नाहीतर काही वर्षांनी दोनपैकी एक गोष्ट घडते. आतलं डेंटिन मऊ पडतं आणि पोस्ट, कोअर, कॅप असा सगळा संच एकदम निघून येतो. किंवा सगळा जोर पोस्टमार्फत मुळाच्या आतल्या भिंतीवर येत राहतो आणि मूळ उभं चिरतं.

दोनपैकी काय घडेल हे पोस्ट कशाचा आहे यावर काही अंशी ठरतं. पोलादासारखे धातू डेंटिनपेक्षा सुमारे दहापट ताठ असतात. दात वाकतो तेव्हा ते वाकत नाहीत, आणि ताण त्यांच्या टोकापाशी, मुळात खोलवर गोळा होतो. फायबर पोस्टचा ताठपणा डेंटिनच्या बराच जवळ आहे, म्हणून तो दाताबरोबर थोडा लवतो. त्यामुळे धातूचा पोस्ट निकामी होताना मूळ घेऊन जाण्याची भीती जास्त, तर फायबर पोस्ट निकामी होतो तो बहुधा चिकटलेला भाग सुटून किंवा कोअर मोडून. म्हणजे मूळ वाचवून पुन्हा बांधता येतं. हा फायदा खरा आहे. पण ‘फायबर पोस्ट घातला, आता दात तुटणार नाही’ ही जाहिरात झाली. फेरूल नसलेल्या दातात फायबर पोस्टही सुटतोच, आणि लवचिक असल्यामुळे कॅपची किनार उचकटण्याला त्याचा अटकाव उलट कमीच असतो.

फायबर पोस्टचा सगळा भरवसा चिकटण्यावर आहे, आणि मुळाच्या आत काही चिकटवणं हे अवघड काम आहे. नळीसारखी अरुंद पोकळी, सगळ्या बाजूंनी भिंतींना चिकटलेलं सिमेंट, आणि घट्ट होताना ते आकसतं. आकसायला मोकळी बाजूच नसते, म्हणून ते कुठे ना कुठे भिंतीपासून सुटू पाहतं. खोलवर दिव्याचा उजेड पोचत नाही, म्हणून उजेडाशिवायही घट्ट होणारं सिमेंट वापरावं लागतं. गटापर्चाचे पातळ थर भिंतीला राहून गेले, किंवा लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचे अंश राहिले, तर पकड बिघडते. रबर डॅम न लावता हे काम केलं तर लाळेचा एक ओघळही पुरतो. पोस्टच्या ब्रँडवर जितकी चर्चा होते, तितकी या अर्ध्या तासाच्या सफाईवर झाली तर बरं होईल.

आपल्या उदाहरणातल्या माणसाकडे परत येऊ. टाळूच्या बाजूला दोन मिलिमीटर भिंत मिळवायची आहे. नवीन डेंटिन उगवत नाही, तेव्हा हिरडीखाली असलेला दातच उघड्यावर आणावा लागतो. सोपा वाटणारा मार्ग म्हणजे कॅपची किनार हिरडीच्या खाली दोन मिलिमीटर नेणं. तो इथे बंद आहे. हाडाच्या वर साधारण दोन मिलिमीटरचा पट्टा हिरडीला दाताला चिकटून राहण्यासाठी लागतो; किनार त्यात घुसली की हिरडी सुजलेलीच राहते, रक्त येत राहतं आणि शेवटी हाड मागे सरतं.

उरतात दोन वाटा. पहिली शस्त्रक्रियेची: हिरडी उघडून दाताभोवतीचं हाड दोन मिलिमीटर तासायचं. समजा मूळ हाडात ११ मिलिमीटर रुतलेलं होतं. ते आता ९ झालं. आणि हिरडी वर सरकल्यामुळे कॅप ९ ऐवजी ११ मिलिमीटर लांब झाली. फेरूल मिळालं, पण वरचा दांडा लांबला आणि पाया आखूड झाला, त्यामुळे मिळवलेल्यातलं बरंचसं त्या तरफेने खाल्लं. शिवाय समोरच्या दातांत एक दात शेजाऱ्यांपेक्षा लांब दिसतो, तो वेगळाच ताप. दुसरी वाट म्हणजे बारीक तारेने किंवा रबराने मूळच काही आठवड्यांत दोन मिलिमीटर खाली ओढायचं. हाडातलं मूळ इथेही ११ वरून ९ वर येतं, पण कॅपची लांबी ९ च राहते आणि हिरडीची रेष शेजारच्या दातांशी जुळते. मुळाबरोबर हिरडी आणि हाडही खाली येऊ पाहतात, म्हणून हाडाच्या वरचे तंतू अधूनमधून कापावे लागतात. ओढून झाल्यावर मूळ परत वर सरकू नये म्हणून आणखी काही आठवडे ते बांधून ठेवावं लागतं. एक मर्यादा इथेही आहे: मूळ टोकाकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे ओढल्यावर हिरडीपाशी येणारा भाग पाचपेक्षा थोडा बारीक असतो. मघाशी काठावर पास झालेली एक मिलिमीटरची भिंत आता पातळ होईल. तेव्हा पोस्ट आणखी बारीक घ्यायला हवा, किंवा कॅपसाठी दात कमी घासायला हवा. समोरच्या दातासाठी तरीही मी दुसरीच वाट निवडेन. हिशेब तिच्या बाजूने आहे.

अर्थात मूळ आखूड असेल, किंवा खालच्या दातांची टक्कर फार जोराची असेल, किंवा रात्री दात खाण्याची सवय असेल, तर ओढूनही उपयोग नसतो. हाडात नऊऐवजी सहाच मिलिमीटर मूळ उरणार असेल, तर पोस्ट आणि कॅपवर खर्च करण्याआधी ब्रिज किंवा इम्प्लांटची चर्चा केलेली बरी.

ज्यांची कॅप आधीच बसली आहे त्यांच्यासाठी मुळाची उभी चीर ओळखण्याच्या खुणा माहीत असलेल्या बऱ्या. ती सुरुवातीला फार दुखत नाही. हिरडीवर एखादी पुळी येते, पू येऊन बसते, पुन्हा येते. रूट कॅनाल बिघडल्याची पुळी सहसा मुळाच्या टोकाच्या आसपास उठते. चिरेची पुळी बहुधा हिरडीच्या कडेजवळ असते. डॉक्टर बारीक मापपट्टीने दाताभोवती हिरडीची खोली मोजतात. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच जागी, एका अरुंद रेषेत, सळई आठ-नऊ मिलिमीटर खाली गेली, तर चिरेचा संशय बळावतो. हिरडीच्या सर्वसाधारण आजारात खोली अशी एकाच रेषेत एकदम उतरत नाही. एक्स-रेवर चीर स्वतः क्वचितच दिसते, कारण किरण नेमके चिरेच्या दिशेने जायला हवेत. दिसते ती मुळाच्या एका बाजूने टोकापर्यंत उतरणारी आणि टोकाला वळसा घालणारी काळी सावली. सीबीसीटी स्कॅनमध्ये धातूच्या पोस्टभोवती पट्टे उमटतात आणि तेच चिरेसारखे दिसू शकतात, त्यामुळे तिथेही फसगत होते. खात्री बऱ्याचदा हिरडी उघडून, मूळ रंगवून, भिंगाखाली पाहिल्यावरच होते. एकमुळी दातात चीर सापडली तर तो काढावा लागतो. दाढेत एकच मूळ चिरलेलं असेल, तर कधी कधी तेवढं मूळ कापून काढून उरलेली दाढ वापरात ठेवता येते.